रात्री पावणेदोनला क्रशला मेसेज गेला. सकाळी तो डिलीट करायचा की सावरायचा?

कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये दोघं एकत्र आहेत असं समजा. त्याला ती आवडते, पण आजवरचं सगळं बोलणं पीपीटी, सबमिशन आणि कॅन्टीनपुरतंच. शनिवारी रात्री 1:40 ते 1:46 या सहा मिनिटांत त्याच्याकडून तीन मेसेज जातात. ‘जागी आहेस?’, मग ‘खरं सांगू? मला तू आवडतेस, खूप दिवसांपासून’, आणि उत्तर येत नाही म्हटल्यावर ‘जाऊ दे, विसर’. रविवारी सकाळी आठला फोन हातात घेतल्यावर पोटात गोळा येतो. आता काय?

आधी टिक बघायची

बहुतेकांचं बोट पहिल्यांदा Delete for everyone कडे जातं. व्हॉट्सॲपवर त्यासाठी साधारण अडीच दिवस मिळतात, म्हणजे सकाळी आठला वेळ संपलेली नसते. मेसेज एडिट करायची सोय मात्र फक्त 15 मिनिटं असते, ती रात्रीच संपली.

अडचण अशी की व्हॉट्सॲपवर मेसेज उडवला तरी त्याच्या जागी This message was deleted ही ओळ उरते. तीन मेसेज उडवले तर तीन ओळी. दोन निळ्या टिक असतील तर तिने ते वाचलेलेच आहेत. डिलीट केल्याने फक्त ‘हा घाबरला’ एवढंच कळतं. दोन करड्या टिक असतील तर मेसेज तिच्या फोनपर्यंत पोचले आहेत. तिने चॅट न उघडता नोटिफिकेशनमध्ये ते वाचले असू शकतात, किंवा रीड रिसीट बंद ठेवल्या असू शकतात. म्हणजे करडी टिक ही ‘वाचलं नाही’ याची खात्री नाही. डिलीट करण्यात थोडा अर्थ आहे तो एकच टिक असेल तेव्हा, कारण तिचा फोन अजून नेटवर आलेला नसतो.

इन्स्टाग्रामवर Unsend केलेला मेसेज चॅटमध्ये अशी ओळ न ठेवता जातो. पण नोटिफिकेशन आधीच वाचलं गेलं असेल तर तिथेही तीच गत.

थोडक्यात, मेसेज पोचला असेल तर तो वाचला गेला आहे असं धरूनच पुढचं पाऊल टाकावं.

अवघडलेलं नेमकं कोण?

सकाळी पाठवणाऱ्याच्या डोक्यात एकच विचार असतो: ‘माझी किती शोभा झाली.’ म्हणून तो आपली लाज कमी करणारा मेसेज लिहायला बसतो. गडबड इथेच होते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एकतर्फी प्रेमावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांकडून त्यांचे अनुभव लिहून घेतले. ज्यांच्यावर कुणाचं तरी प्रेम होतं, त्यांनाही हा अनुभव बराच त्रासदायक वाटला होता. समोरच्याला दुखवायची अपराधी भावना होती आणि नेमकं वागायचं कसं हेही समजत नव्हतं. प्रेम व्यक्त कसं करावं, हे सिनेमे आणि गाणी शिकवतात. नको असलेलं प्रेम कसं नाकारावं, हे फारसं कुणी शिकवत नाही.

इथेही रविवारी सकाळी खरी कोंडी तिची आहे. हो म्हणू, नाही म्हणू की पाहिलंच नाही असं दाखवू? सोमवारी प्रोजेक्टला भेटल्यावर काय बोलू? सकाळच्या मेसेजचं काम एवढंच, की उत्तराचं हे ओझं तिच्या डोक्यावरून उतरावं.

एकच मेसेज, तीन वाक्यं

वर सांगितलेल्या प्रसंगात तो असं लिहू शकतो:

‘काल इतक्या रात्री मेसेज टाकायला नको होते, सॉरी. जे लिहिलं ते मनापासून होतं, पण त्यावर तू काही उत्तर द्यायलाच हवं असं अजिबात नाही. सोमवारी स्लाइड्सचं ठरल्याप्रमाणे करूया.’

पहिल्या वाक्यात नेमक्या चुकीची माफी आहे. चूक वेळेची आणि पद्धतीची होती; कुणी आवडणं ही चूक नाही. दुसरं वाक्य खरं काय ते एकदाच सांगतं आणि लगेच तिला मोकळं करतं. तिसरं वाक्य तिला उत्तर द्यायला एक सोपी जागा देतं. तिला विषय टाळायचा असेल तर ती फक्त ‘हो, स्लाइड्स मी बघते’ म्हणू शकते, आणि कुणाचाच अपमान होत नाही.

रात्रीचं लिहिणं एकटेपणाच्या भरात झालं असेल आणि सकाळी तसं वाटतच नसेल, तर दुसरं वाक्य बदलावं: ‘मी भावनेच्या भरात लिहिलं, ते मनावर घेऊ नकोस.’ मजकूर अश्लील किंवा तिला अपमानास्पद वाटेल असा असेल तर भावनांचा उल्लेखच नको. काय चुकीचं लिहिलं ते मान्य करून फक्त माफी मागावी. त्या वेळी ‘स्लाइड्सचं करूया’ म्हणत पुढे जाणंही बरं दिसत नाही.

मेसेज पाठवायला सकाळी नऊ-दहाची वेळ ठीक. डोळे उघडल्याबरोबर लिहिला तर त्यात रात्रीचीच घालमेल उतरते, आणि संध्याकाळपर्यंत थांबलं तर ती दिवसभर त्याच कोंडीत राहते.

काय बिघडतं?

‘मित्राने फोन घेतला होता’ किंवा ‘ट्रुथ अँड डेअर चालू होतं’ ही थाप सहसा पटत नाही, आणि नंतर कधी खरं सांगावंसं वाटलं तर तेही थट्टेचं वाटतं. ‘प्यायलो होतो’ एवढंच म्हटलं तर ते कारण सांगणं झालं, माफी नाही. दहा वेळा ‘सॉरी’ लिहिलं की त्याची समजूत काढायचं काम तिच्यावरच येतं. ‘रागावलीस का?’ हा प्रश्न म्हणजे पुन्हा उत्तराची मागणीच. तिच्या मैत्रिणीला ‘ती काय म्हणाली?’ विचारलं की दोघांतली गोष्ट चौघांत जाते.

त्यानंतर गप्प राहायचं

मेसेज गेला की त्या विषयावर त्याच्याकडून पुन्हा एक शब्दही नको. सोमवारी भेटल्यावर नेहमीसारखं ‘हाय’ आणि कामाचं बोलणं. तिने विषय काढला तर आधी ऐकून घ्यावं.

‘अरे ठीक आहे’ आणि एक हसरा इमोजी याचा अर्थ विषय मिटला, एवढाच घ्यावा. तो होकार नव्हे. ती पूर्वीसारखं स्वतःहून काहीबाही विचारू लागली तर मैत्री सावरली. उत्तरं फक्त कामापुरती, तुटक येऊ लागली तर तिला अंतर हवं आहे, आणि ते द्यावं. तिने स्पष्ट ‘नाही’ म्हटलं किंवा ब्लॉक केलं, तर दुसऱ्या नंबरवरून माफी मागायलाही जाऊ नये. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यासही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि तिने स्क्रीनशॉट कुणाला दाखवला असेल तर? तो डिलीट करायची विनंती करू नये. नंतर कुणी चॅट वाचलंच, तर रात्रीच्या तीन मेसेजखाली सकाळचा तो एक मेसेजही त्यांना दिसेल.