काटा शून्यावर, पण का?

सेल, चार रोधक आणि मधोमध गॅल्व्हानोमीटर. सर्किटच्या फोटोखाली लिहिलं आहे, ‘ब्रिज संतुलित आहे, X काढा.’ ही व्हीटस्टोन ब्रिजची जोडणी. ती सॅम्युअल क्रिस्टी यांनी 1833 मध्ये मांडली. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी 1843 मध्ये ती लोकांपुढे आणली आणि नाव त्यांचंच चिकटलं.

आधी फोटोतल्या सांध्यांना अक्षरं द्यावीत, कारण तारा वाकड्यातिकड्या गेल्या की मधली फांदी कोणती हेच कळत नाही. सेल जोडलेली टोकं A आणि C. वरचा सांधा B, खालचा D. गॅल्व्हानोमीटर B आणि D यांच्यामध्ये. समजा, AB 10 ओहम, BC 20 ओहम, AD 15 ओहम आणि DC म्हणजे X. संतुलन असेल तर वरच्या वाटेवरचं गुणोत्तर खालच्या वाटेवरही तेच हवं. वर 10 ला 20, म्हणून खाली 15 ला 30. X = 30 ओहम.

आता ताळा. सेल 1.5 व्होल्टचा आहे. वरच्या वाटेचा एकूण रोध 30 ओहम, म्हणून तिथून 50 मिलिअँपिअर विद्युतधारा जाते आणि A पासून B पर्यंत 0.5 व्होल्ट खर्ची पडतात. खालची वाट 45 ओहमची. तिथली धारा सुमारे 33 मिलिअँपिअर, पण 15 ओहमवर पडणारे व्होल्ट पुन्हा 0.5 च. B आणि D एकाच पातळीवर आले, म्हणून मधून काहीच वाहत नाही. दोन्ही वाटांत मात्र धारा चालूच असते.

पण हा ताळा फक्त आपल्या आकडेमोडीचा झाला. X काढतानाच संतुलन गृहीत धरलं होतं, त्यामुळे उत्तर जुळणारच. फोटोत काटा शून्यावर दिसला तरी खात्री होत नाही, कारण सेल उतरलेला असेल किंवा गॅल्व्हानोमीटरची तार सुटलेली असेल तरीही काटा तिथेच राहतो.

खरी परीक्षा प्रत्यक्ष सर्किटवर होते. 15 ओहमच्या जागी रोधपेटी लावून आधी 14 आणि मग 16 ओहम ठेवावेत. काटा एकदा एका बाजूला आणि दुसऱ्यांदा विरुद्ध बाजूला सरकला, तर मधला शून्य खरा. दोन्ही वेळा हलला नाही तर जोडणी तपासावी.

फोटोत आणखी एक फसगत होते. रोधकांवरचे तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टे पिवळ्या उजेडात सारखेच दिसतात, आणि लाल पट्टा नारिंगी वाचला तर 20 चे 30 होतात. रंग बरोबर वाचले तरी सोनेरी पट्टा पाच टक्क्यांची सूट सांगतो. तिन्ही रोधकांवर तो असेल, तर अगदी वाईट परिस्थितीत खरा X सुमारे 26 ते 35 ओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. काटा कितीही अचूक शून्यावर असला तरी ही अनिश्चितता त्याने कमी होत नाही. त्यासाठी ते तीन रोधकच अचूक हवेत.