नोटीस प्राप्तिकराची, अर्ज बँकेच्या मॅनेजरला

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे गेली, हिशेबाची वही आजही उर्दूतच चालते. पण बँकेला किंवा सरकारी कचेरीला मराठी वा इंग्रजीत अर्ज लिहायचा म्हटले की आमचा हात अडखळतो. मालेगावात आमच्यासारखे व्यापारी व कारागीर बांधव पुष्कळ आहेत. बहुतेक जण दोन ओळी खरडतात, नाहीतर मुनीमजींना तोंडी निरोप देऊन बँकेत पाठवतात. एरवी त्यावाचून काही अडत नाही. मात्र प्राप्तिकर खात्याची नोटीस हातात असेल तर त्या दोन ओळी किती महाग पडतात, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे.

6 जानेवारी 2025 रोजी आमच्या नावे नोटीस आली. 2022-23 या आर्थिक वर्षाचे आमचे विवरणपत्र तपासणीसाठी निवडले गेले होते. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 142(1) खाली खात्याने तीन गोष्टी मागितल्या. एक, त्या वर्षातील सर्व बँक खात्यांचे उतारे. दोन, खर्चात टाकलेल्या 4,86,200 रुपये व्याजाचा बँकेचा दाखला. तीन, मुदत ठेवीवर 61,400 रुपये व्याज मिळाल्याचे बँकेने कळवले आहे, ते उत्पन्नात का दाखवले नाही याचा खुलासा. उत्तराची मुदत 21 जानेवारी होती. या नोटिशीला उत्तर दिले नाही तर 10,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि अधिकारी आपल्या अंदाजाने कर ठरवून मोकळा होतो.

8 तारखेला आम्ही बँकेत अर्ज दिला. त्यात एवढेच होते: "आमच्या खात्याचे स्टेटमेंट व व्याजाचे सर्टिफिकेट लवकर द्यावे." सात दिवसांनी, 15 तारखेला, कागद मिळाले. उतारा होता फक्त कॅश क्रेडिट खात्याचा, तोही मागच्या बारा महिन्यांचा. दाखला होता गोदामाच्या कर्जाचा, चालू वर्षाचा. मुदतीतले नऊ दिवस संपले होते आणि हातात उपयोगाचा एकही कागद नव्हता. आम्ही रागावलो, पण शांतपणे पाहिले तर चूक क्लार्कची नव्हती. कोणते खाते, कोणते वर्ष, कोणते व्याज, यांपैकी आम्ही काहीच लिहिले नव्हते.

"व्याजाचा दाखला" हा शब्दच फसवा आहे. बँकेच्या दृष्टीने ते दोन वेगळे कागद आहेत. कर्जावर बँकेने आपल्याकडून घेतलेले व्याज हा आपला खर्च. ठेवीवर बँकेने आपल्याला दिलेले व्याज हे आपले उत्पन्न. शाखेत ही कामे दोन वेगळ्या टेबलांवर होतात. नुसते "व्याज" म्हटले की ज्या टेबलावर अर्ज पडेल तिथला कागद मिळतो. आमच्या सीए साहेबांनी हे समजावले आणि 16 तारखेला आम्ही दुसरा अर्ज केला. तो खाते क्रमांक गाळून येथे देत आहोत.

"प्रति, मा. शाखा व्यवस्थापक.

विषय: प्राप्तिकर नोटिशीच्या उत्तरासाठी आर्थिक वर्ष 2022-23 चे खाते उतारे व व्याजाचे दाखले तातडीने मिळणेबाबत.

महोदय, आमच्या पेढीस प्राप्तिकर खात्याची दि. 6 जानेवारी 2025 ची नोटीस, क्रमांक ......, मिळाली असून उत्तराची शेवटची तारीख 21 जानेवारी 2025 आहे. आमचा पॅन क्रमांक ...... आहे. तरी 1 एप्रिल 2022 ते 31 मार्च 2023 या कालावधीची पुढील कागदपत्रे द्यावीत.

1) कॅश क्रेडिट खाते क्र. ......, गोदामासाठीचे मुदत कर्ज खाते क्र. ...... आणि ऑगस्ट 2022 मध्ये बंद केलेले चालू खाते क्र. ...... यांचे आरंभीच्या व अखेरच्या शिलकेसह संपूर्ण उतारे, शाखेच्या सही-शिक्क्यासह.

2) वरील दोन्ही कर्ज खात्यांवरील व्याजाचा दाखला. त्यात आकारलेले व्याज व 31 मार्च 2023 पर्यंत प्रत्यक्ष वसूल झालेले व्याज वेगवेगळे दाखवावे. प्रक्रिया शुल्क, माल तपासणी शुल्क व विमा हप्ता व्याजात मिळवू नये, वेगळा दाखवावा.

3) कॅश क्रेडिटसाठी तारण असलेल्या मुदत ठेव क्र. ...... वरील व्याजाचा व त्यातून कापलेल्या कराचा दाखला.

कागदपत्रे 20 जानेवारीपर्यंत मिळावीत ही विनंती. त्या दिवशी सर्व तयार नसल्यास जे तयार असेल ते द्यावे. नियमाप्रमाणे शुल्क आमच्या कॅश क्रेडिट खात्यातून वजा करावे. कागद घेण्यासाठी आमचे मुनीम येतील. त्यांचे अधिकारपत्र व ओळखपत्राची प्रत सोबत आहे. आपला विश्वासू, (सही व पेढीचा शिक्का)."

या अर्जातील काही गोष्टी मुद्दाम लिहिल्या आहेत. बंद झालेले चालू खाते आम्ही विसरलोच होतो. पण खाते वर्षात एक दिवस जरी चालू असले तरी खात्याच्या प्रश्नात ते येते, आणि पॅनमुळे ते त्यांना दिसते. घरखर्चाचे बचत खाते दुसऱ्या बँकेत होते, म्हणून तिकडे वेगळा अर्ज केला. शुल्काची परवानगी आधीच दिली, कारण जुन्या वर्षाच्या कागदासाठी बँक पैसे घेते आणि तेवढ्या विचारणेसाठी अर्ज दोन दिवस पडून राहतो. नोटिशीची प्रत मात्र आम्ही जोडली नाही. क्रमांक व तारीख पुरे होते. खात्याने आपल्याला काय विचारले, ते सगळे कर्ज देणाऱ्या बँकेला दाखवण्याची गरज नाही.

अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर बँकेचा आवक शिक्का, तारीख व सही घेतली. ही पोच पुढे फार कामाला आली. 20 तारखेपर्यंत फक्त उतारे मिळाले, दाखले नाहीत. सीए साहेबांनी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर e-Proceedings मध्ये जाऊन तयार उतारे चढवले आणि Seek Adjournment मधून सात दिवस मागितले. कारण म्हणून बँकेच्या पोचेची प्रत जोडली. मुदत 28 जानेवारीपर्यंत मिळाली. वाढीव मुदत हा आपला हक्क नव्हे, ती नाकारलीही जाते. पण "बँक देत नाही" असे नुसते लिहिणे आणि शिक्क्याचा कागद जोडणे यात फरक आहे. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, मात्र त्याआधी बँकेला तीस दिवस द्यावे लागतात. पंधरा दिवसांच्या नोटिशीत तो मार्ग कामाचा नाही.

22 तारखेला दाखले आले, आणि खरे काम तेव्हा सुरू झाले. आमच्या वहीत व्याज 4,86,200. बँकेच्या दाखल्यात कॅश क्रेडिटचे 3,38,300 व गोदाम कर्जाचे 1,14,400, मिळून 4,52,700. फरक 33,500 रुपयांचा. हा दाखला तसाच पाठवला असता तर खात्याने 33,500 रुपये खोटा खर्च मानला असता. उतारा ओळीओळीने पाहिला तेव्हा उलगडा झाला. प्रक्रिया शुल्क जीएसटीसह 23,600, माल तपासणी शुल्क जीएसटीसह 5,900 आणि मालाचा विमा 4,000, हे सर्व आमच्या मुनीमजींनी "बँक व्याज" या एकाच सदरात टाकले होते. खर्च खरा होता, नाव चुकले होते. उत्तरात आम्ही हे तीन आकडे तारखेसह व उताऱ्याच्या पान क्रमांकासह वेगळे मांडले.

आकारलेले आणि वसूल झालेले व्याज वेगळे मागण्याचे कारणही येथे कळते. बँकेच्या कर्जावरील व्याज प्रत्यक्ष भरले तरच त्या वर्षाचा खर्च धरले जाते. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेआधी भरले तरी चालते. गोदाम कर्जाचे मार्चचे 9,800 रुपये 31 मार्चला थकीत होते, ते 10 एप्रिल 2023 रोजी भरले गेले. त्या नोंदीसाठी एप्रिलच्या उताऱ्याचे एक पान मागून जोडले आणि प्रश्न मिटला.

आता ठेवीच्या 61,400 रुपयांचे. यात आमची बाजू लंगडी होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ही दहा लाखांची ठेव बँकेने तारण म्हणून ठेवून घेतली होती. तिचे व्याज आम्ही आपले मानत नाही. हाती येईल तेव्हा गरजूंना देऊन टाकायचे, म्हणून वहीतही घेतले नाही. आपल्या कित्येक बांधवांची हीच रीत आहे. परंतु व्याज हाती आले नाही तरी बँक दर वर्षी ते जमा धरते, त्यावर कर कापते आणि पॅनवर कळवते. आमचे 6,140 रुपये असेच कापले गेले होते. गंमत अशी की विवरणपत्रात आम्ही त्या कापलेल्या कराची वजावट घेतली होती, आणि ज्या उत्पन्नावर तो कापला ते मात्र दाखवले नव्हते. संगणकाला हे जुळत नाही, हे लगेच कळते.

व्याज देऊन टाकल्याने ते आपले उत्पन्न नव्हते असे कायदा मानत नाही. आधी उत्पन्न, मग दान. त्या वर्षी सवलत मिळत होती ती कलम 80जी खाली नोंदलेल्या संस्थेला दिले असते तर, तीही मर्यादेने आणि 2,000 रुपयांपुढे रोख दिले नसते तर. हातोहात दिलेल्या पैशाला ती नाही. आम्ही उत्तरात चूक कबूल केली. 30 टक्के दराने व उपकरासह 19,157 रुपये कर आणि त्यावरील व्याज भरले. कापलेला कर आधीच वजा घेतलेला होता, तो पुन्हा मिळाला नाही.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, पण त्याआधीच्या वर्षांच्या नोटिसा जुन्या कायद्यानेच चालतात. नव्या कायद्यातही बँक आपल्या पॅनवर व्याज कळवतेच. म्हणून आम्ही आता नोटिशीची वाट पाहत नाही. हाच अर्ज वर्ष बदलून एप्रिल महिन्यात बँकेत देतो, कर्जाचा व ठेवीचा दाखला वेगवेगळा घेतो आणि विवरणपत्र भरण्याआधी वहीशी ताडून पाहतो. ठेवीचे व्याज वहीत वेगळ्या खाती लिहितो, त्यावरचा कर भरतो आणि मग रक्कम ज्याची त्याला पोचवतो.