गुण नकोत, अडचण सांगा

नॅकच्या मूल्यांकनामुळे अभिप्रायाचा फॉर्म आता बहुतेक महाविद्यालयांत भरून घेतला जातो. त्यातला ठरलेला प्रश्न असतो, 'शिक्षकांचं विषयज्ञान कसं आहे? १ ते ५ गुण द्या.' विषय नुकताच शिकू लागलेला विद्यार्थी हे कसं जोखणार? आणि सरासरी ३.८ आली, तरी उद्या वर्गात काय बदलायचं हे शिक्षकाला कळत नाही.

विद्यार्थ्याने स्वतः अनुभवलेलंच विचारावं. समजा, संख्याशास्त्राच्या वर्गात विचारलं, 'वेग आणि उदाहरणं योग्य आहेत का?' इथे एका वाक्यात दोन प्रश्न आहेत, त्यामुळे 'नाही' हे उत्तर नेमकं कशाला, ते समजत नाही. त्याऐवजी विचारा, 'गेल्या दोन आठवड्यांत गणित सोडवताना कुठे अडलात?' ४० पैकी २२ जणांनी लिहिलं, 'सूत्रं येतात, पण कुठलं कुठे लावायचं ते कळत नाही', तर उपाय समोरच आहे: रोज दहा मिनिटं फक्त सूत्र निवडण्याचा सराव.

असा फॉर्म सत्राच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात द्यावा. शेवटी दिला, तर फायदा पुढच्या वर्षीच्या मुलांना होतो. प्रश्न चार-पाचच असावेत. नाव आणि रोल नंबर विचारू नये. छोट्या वर्गात हस्ताक्षरही ओळखू येतं, तिथे उत्तरं टाइप करून घ्यावीत.

पुढच्याच तासाला काय बदलणार आणि काय बदलता येणार नाही, ते वर्गाला सांगावं. नाहीतर पुढचा फॉर्म मुलं डोळे मिटून भरतात.