तांब्याच्या 63.546 मागचा हिशेब

आवर्तसारणीत तांब्याच्या चौकटीत 63.546 हा आकडा असतो, पण एवढ्या वस्तुमानाचा तांब्याचा एकही अणू सापडायचा नाही. निसर्गातल्या तांब्यात दोनच स्थिर समस्थानिके आहेत: तांबे-63, वस्तुमान 62.9296, आणि तांबे-65, वस्तुमान 64.9278. पहिल्याचे अणू शंभरात 69.15, दुसऱ्याचे 30.85. म्हणून दोघांची नुसती बेरीज करून निम्मे करणे चुकीचे. ज्याचे अणू जास्त, त्याचे वजन सरासरीत जास्त. 62.9296 ला 0.6915 ने गुणले की 43.516 येतात, 64.9278 ला 0.3085 ने गुणले की 20.030. बेरीज 63.546.

आता उलट बाजूने. सरासरी ठाऊक आहे, प्रमाण नाही. जड अणूंचा वाटा क्ष धरला, तर हलक्यांचा आपोआप 1 − क्ष होतो, आणि दोन अज्ञातांचे एकच उरते. सरासरी हलक्या वस्तुमानाच्या 0.6164 ने वर आहे; दोन वस्तुमानांतले अंतर 1.9982. भागाकार 0.3085, म्हणजे 30.85 टक्के.

विद्यार्थी हमखास फसतात ते इथे: खऱ्या वस्तुमानांऐवजी सरळ 63 आणि 65 घेतात. मग 0.546 भागिले 2, उत्तर 27.3 टक्के! सरळ गणितात ही ढिलाई खपते, कारण उत्तर 63.617 म्हणजे जवळपासच येते. उलट गणितात मात्र तीच चूक साडेतीन टक्क्यांची होते.

मॅग्नेशियमसारखी तीन समस्थानिके असली की ही युक्ती संपते. अज्ञात दोन उरतात, समीकरण एकच. तिथे प्रमाण वस्तुमान वर्णपटमापकानेच मोजावे लागते.