स्लाइडवर न लिहिलेली अट

'वीजबिल शून्य. 25 वर्षांची वॉरंटी. 78,000 रुपयांपर्यंत सरकारी सबसिडी.' घराच्या गच्चीवर सोलर बसवून देणाऱ्या एखाद्या कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये अशी एक स्लाइड असतेच. समोर बसलेलं कुटुंब ती वाचतं, हिशेब मांडतं आणि होकार देतं. दोन-तीन महिन्यांनी कंपनीच्या मदत केंद्रात फोन वाजू लागतात. 'अहो, बिल तर आलंय!' 'काल लाइट गेली तेव्हा घरात अंधारच होता, मग सोलर कशाला बसवलं?' 'सबसिडी कुणाच्या खात्यात गेली?'

या स्लाइडवर खोटं काही नाही, तरी तिच्यामुळेच फोन येत आहेत. मग कुणीतरी ठरवतं की नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एकदाच लिहून ग्राहकांसमोर ठेवू. काम एखाद्या नव्या सहकाऱ्याकडे येतं आणि सोबत सूचना येते, 'आपल्या डेकमध्ये सगळं आहे, त्यातूनच काढ.' गडबड इथेच सुरू होते, कारण डेकमध्ये सगळं नसतं.

डेक हा विक्रीच्या बैठकीत सोबतीला असलेला कागद आहे. त्यातला निम्मा मजकूर बोलणाऱ्याच्या तोंडी असतो. स्लाइडवर 'बिल शून्य' लिहिलेलं असतं आणि बोलणारा म्हणतो, 'म्हणजे तुमचा वापर तीनशे युनिटच्या आसपास असेल तर.' बैठक संपते, ते वाक्य हवेत विरतं आणि स्लाइड मागे उरते. प्रश्नोत्तरं वाचणाऱ्यासमोर मात्र बोलायला कुणी नसतं. त्याने पैसे भरलेले असतात, हातात बिल असतं आणि त्याला फक्त आपल्या घरापुरतं उत्तर हवं असतं. त्यामुळे डेकचं रूपांतर करणं म्हणजे प्रत्येक दाव्यामागची हरवलेली अट शोधून काढणं.

पहिलं काम दाव्यांच्या यादीचं. प्रत्येक स्लाइडवरचं प्रत्येक विधान वेगळ्या ओळीत उतरवायचं. त्यापुढे तीन गोष्टी लिहायच्या: स्लाइडचा क्रमांक, हे विधान कोणत्या अटीवर खरं आहे, आणि त्याची खात्री कंपनीत कोण देऊ शकेल. स्लाइडखालच्या वक्त्याच्या टिपा, तळाशी बारीक अक्षरातली तळटीप, चित्रातला आणि आलेखातला मजकूर हे सगळं यादीत यायला हवं, कारण अटी बहुधा तिथेच लपलेल्या असतात. कंपनीचा इतिहास, पुरस्कार, बाजारपेठेचा आकार, प्रतिस्पर्ध्यांशी तुलना या स्लाइड सरळ बाजूला ठेवायच्या. 'लवकरच येत आहे' म्हणणारी स्लाइडही बाद. विक्रीच्या बैठकीत ती आशा दाखवते, पण मदतीच्या पानावर तिचं वचन होतं आणि ते पाळलं नाही म्हणून आणखी फोन येतात.

दुसरं काम प्रश्नांचं, आणि ते डेककडे पाठ करून करायचं असतं. डेकवरून प्रश्न बनवायला बसलं की 'नेट मीटरिंगचे फायदे कोणते?' असले प्रश्न जन्माला येतात. असा प्रश्न घेऊन कोणताही ग्राहक फोन करत नाही. खरे प्रश्न कॉलच्या नोंदींत, व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपांत आणि ईमेलमध्ये असतात. ते ग्राहकाच्या शब्दांत जसेच्या तसे गोळा करायचे आणि एका अर्थाचे प्रश्न एकत्र ठेवायचे. 'पॅनेल लागून महिना झाला, नेट मीटर अजून का नाही?' हा प्रश्न असाच लिहायचा, कारण पुढचा ग्राहकही याच शब्दांनी शोधणार आहे.

मग दोन्ही याद्या शेजारी मांडल्या की तीन ढीग पडतात. काही दाव्यांना प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं डेकच्या मदतीने लिहिता येतात. काही दाव्यांबद्दल कुणीच विचारलेलं नाही, ते सोडून द्यायचे. तिसऱ्या ढिगात लोकांनी वारंवार विचारलेले, पण डेकमध्ये ज्यांचा उल्लेखच नाही असे प्रश्न असतात. सगळ्यात जास्त वेळ याच ढिगाला द्यावा लागतो.

आता 'बिल शून्य' या एकाच दाव्याचं काय होतं ते पाहू. एक किलोवॉटचं सोलर आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट वीज देतं. म्हणजे तीन किलोवॉटचं बारा युनिट, महिन्याला तीनशे साठच्या आसपास. ज्या घराचा वापर तीनशे युनिट आहे, त्याच्या वापराची वीज यात भागते. पण दोन एसी चालणाऱ्या, पाचशे युनिट वापरणाऱ्या घराला उरलेल्या एकशे चाळीस युनिटचे पैसे भरावे लागतात. शिवाय वापर पूर्ण भागला तरी जोडणीचा स्थिर आकार बिलात राहतोच. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की निर्मिती बरीच घटते. नेट मीटर असेल तर जादा झालेली युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात आणि हा हिशेब आर्थिक वर्षाअखेर, 31 मार्चला मिटतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये शिल्लक पडलेली युनिट जून-जुलैमध्ये कामी येतात.

हे सगळं एका उत्तरात कोंबायचं नाही. डेकमधल्या एका ओळीचे इथे तीन प्रश्न होतात. सोलर बसवूनही बिल का आलं? पावसाळ्यात बिल का वाढलं? जादा वीज तयार झाली तर तिचं काय होतं? पहिल्याचं उत्तर असं लिहिता येईल: 'सोलर असलं तरी वीजजोडणीचा स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो. याशिवाय तुमचा वापर सोलरच्या निर्मितीपेक्षा जास्त असेल तर फरकाच्या युनिटचे पैसे लागतात. तुमच्या बिलावर महावितरणकडून घेतलेली आणि महावितरणला दिलेली युनिट वेगवेगळी दाखवलेली असतात, ती आधी पाहा. दिलेल्या युनिटचा आकडा शून्य असेल, तर बिलाचा फोटो आम्हाला पाठवा.' पहिल्या वाक्यात उत्तर, मग अट, शेवटी ग्राहकाने काय करायचं. क्रम हाच ठेवायचा, कारण घाईत असलेला माणूस पहिलं वाक्य वाचूनच पुढे वाचायचं की नाही हे ठरवतो.

लाइट गेल्यावर सोलर बंद का पडतं, हा तिसऱ्या ढिगातला प्रश्न. डेकमध्ये त्याचा मागमूस नसतो, कारण ती विक्रीला अडचणीची गोष्ट. घरोघरी बसणारी बहुतेक सोलर यंत्रणा बिनबॅटरीची आणि महावितरणच्या जाळ्याला जोडलेली असते. पुरवठा खंडित झाला की तिचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. तसं झालं नाही तर गच्चीवरची वीज बंद समजल्या गेलेल्या तारांत उतरेल आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. सेल्सवाले आणि लेखक मिळून याचं उत्तर रचू शकत नाहीत, ते इंजिनिअरकडूनच यायला हवं. डेकमधल्या शब्दांनी काम भागवायला गेलं तर 'आमची यंत्रणा सुरक्षिततेच्या सर्वोच्च निकषांनुसार काम करते' असं काहीतरी तयार होतं. वाक्य खरं आहे, पण अंधारात बसलेल्या माणसाच्या उपयोगाचं नाही. 'नाही, लाइट गेल्यावर हे सोलर चालत नाही. लाइनवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी ते आपोआप बंद होतं आणि पुरवठा आल्यावर पुन्हा सुरू होतं. लाइट नसतानाही वीज हवी असेल तर बॅटरी असलेली हायब्रिड यंत्रणा लागते.' इतकं स्पष्ट 'नाही' लिहायला कंपनीत थोडं भांडावं लागतं.

वॉरंटीच्या ओळीतही एकाऐवजी दोन-तीन गोष्टी असतात. 25 वर्षांचा आकडा पॅनेलच्या निर्मितीक्षमतेचा असतो. इतक्या वर्षांनीही ते ठरलेल्या टक्क्यांइतकी वीज देईल, एवढीच ती हमी. पॅनेलमधल्या दोषांची वॉरंटी वेगळी आणि सहसा कमी वर्षांची, इन्व्हर्टरची त्याहून कमी. प्रत्येकीची मुदत करारातून आणि उत्पादकाच्या पत्रकातून घ्यायची, स्लाइडवरून नाही.

सबसिडीच्या उत्तरात आकडेच जास्त. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत घरगुती ग्राहकाला एक किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला 78,000 रुपये अशी रचना ठरली. म्हणजे पाच किलोवॉट बसवणाऱ्यालाही 78,000च. रक्कम यंत्रणा सुरू झाल्यानंतर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जाते. असे आकडे सरकारी निर्णयाने बदलतात. डेक दर बैठकीआधी कुणीतरी सुधारतं, पण मदतीचं पान विसरलं जातं. म्हणून प्रत्येक उत्तराखाली तपासल्याची तारीख दिसायला हवी आणि आत कुठेतरी ते सांभाळणाऱ्याचं नाव हवं.

प्रत्येक उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं, ही आणखी एक कसोटी. डेकमध्ये पाचवी स्लाइड चौथीनंतरच दिसते. इथे माणूस शोधून थेट सातव्या प्रश्नावर उतरतो. 'वर सांगितल्याप्रमाणे' किंवा 'आपली ही अनोखी प्रणाली' वाचून त्याला काहीच कळत नाही.

पान चाललं की नाही, हे किती लोकांनी पाहिलं यावरून कळत नाही. लिहिलेल्या प्रश्नासाठीच फोन येत राहिले, तर उत्तर सापडत नाही किंवा सापडूनही समजत नाही. शोधपेटीत लोक 'लाइट गेली' टाइप करतात आणि पानावर 'वीजपुरवठा खंडित' लिहिलेलं असतं, ही नेहमीची चूक. उत्तर वाचून झाल्यावरही लोक फोन करून तेच विचारत असतील, तर अट निसटली आहे असं समजावं.

या पद्धतीला मर्यादाही आहे. ब्रिटिश सरकारचं संकेतस्थळ GOV.UK आपल्या लेखकांना प्रश्नोत्तरांचं स्वरूप टाळायलाच सांगतं. माहिती मूळ मजकुरातच योग्य जागी नीट दिली तर असे प्रश्न उरतच नाहीत, अशी त्यांची भूमिका. ती बरीचशी पटते. पन्नास प्रश्नांची लांबलचक यादी म्हणजे मूळ करारपत्र आणि बिल समजावणारं पत्रक नीट लिहिलं गेलेलं नाही, याची खूण असते. 'बिल का आलं' हा प्रश्न शेकडो वेळा येत असेल तर उत्तरासोबत ती स्लाइडही बदलावी. 'बिल शून्य' ऐवजी 'महिन्याला तीनशे युनिटपर्यंतच्या वापराची वीज भागते, स्थिर आकार वेगळा' असं लिहिलं तर विक्री कदाचित थोडी मंदावेल, पण मदत केंद्रातले फोन कमी होतील.

कामाची वाटणीही ठरवून टाकावी. दाव्यांची यादी डेक बनवणाऱ्याने करावी, अटी इंजिनिअरने आणि हिशेबनिसाने भराव्यात. पान खुलं करण्याआधी ते रोज फोन उचलणाऱ्या माणसाला वाचायला द्यावं. हे वाचूनही ग्राहक पुन्हा फोन करेल, असं त्याने ज्या उत्तराबद्दल सांगितलं, ते नव्याने लिहावं.