रस्सा उकळतो, पण आतलं मांस?

जानेवारी २०२१मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा धाराशिवमध्येही लोक चिकन घ्यायला कचरत होते. हा विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो. पण ते तापमान मांसाच्या अगदी आत पोचायला हवं. रस्सा खदखदत असला तरी जाड तंगडीचा गाभा बराच थंड असू शकतो.

म्हणून टोकदार सळईचा थर्मामीटर वापरावा. अख्ख्या कोंबडीत तो मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसायचा. हाडाला टेकला, तर आकडा मांसाचं खरं तापमान सांगत नाही. दोन-तीन जागी पाहून सर्वांत कमी आकडा धरायचा. तो ७४ झाला की कोंबडी सुरक्षित. मांसाचा गुलाबी रंग गेला, एवढ्यावर मात्र विसंबू नये.

उस्मानाबादी शेळीच्या खिम्याची गोष्ट वेगळी. अखंड तुकड्यात जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात. खिमा करताना तेच आत मिसळतात. त्यामुळे कबाबाचा मध्य ७१ अंशांवर जायलाच हवा. चपट्या कबाबात सळई वरून नको, कडेने आडवी मध्यापर्यंत घाला; वरून घातली तर टोक तव्याजवळ जातं आणि आकडा फसवतो.

अंड्याच्या भुर्जीलाही ७१ अंशच हवेत. साध्या अंड्यात पांढरा आणि पिवळा, दोन्ही भाग घट्ट झालेले असावेत. वाहत्या बलकाचा हाफ-फ्राय लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नये.

थर्मामीटर तपासायला तो बर्फाच्या पाण्यात बुडवा: शून्य दिसलं पाहिजे.