टॉर्चला कोणता सेल, रिमोटला कोणता?

टॉर्च आणि रिमोट यांत घालायचे पेन्सिल सेल बाहेरून सारखेच दिसतात. जाड ‘एए’ असो की बारीक ‘एएए’, माप ठरलेले असते आणि त्या मापाचा कोणताही सेल त्या मापाच्या कोणत्याही वस्तूत बसतो. आतले रसायन मात्र वेगवेगळे असते आणि निवड त्यावरच ठरते. अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड, मँगनीज डायऑक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाहक द्रावण असते. लिथियमचा एकदाच वापरायचा दीड व्होल्टचा सेल लिथियम धातू आणि आयर्न डायसल्फाइड यांच्यावर चालतो, त्यात पाणी अजिबात नसते. निकेल-मेटल हायड्राइड हा पुन्हा पुन्हा चार्ज होणारा सेल असून त्याच्यावर १.२ व्होल्ट असे छापलेले असते. ओळख पटवायची असेल तर सेलच्या अंगावरची बारीक अक्षरे वाचावीत. अल्कलाइनवर ‘एलआर’, लिथियमवर ‘एफआर’ आणि चार्ज होणाऱ्यावर ‘एचआर’ असते. नुसते ‘आर’ असेल तर तो जुन्या पद्धतीचा, स्वस्त झिंक-कार्बन सेल समजावा.

निवड करताना दोनच प्रश्न विचारावे लागतात. ही वस्तू एका वेळी किती प्रवाह ओढते? आणि सेल तिच्यात किती काळ नुसता पडून राहणार आहे?

आधी रिमोट घेऊ. दिवसातून दोनशे वेळा बटण दाबले आणि प्रत्येक वेळी तिसरा हिस्सा सेकंद लागला, असे धरले तर रिमोट दिवसभरात जेमतेम एक मिनिट काम करतो. त्या मिनिटात सरासरी २० मिलिअँपिअर प्रवाह लागला, तर वर्षाचा हिशेब सुमारे १२० मिलिअँपिअर-तास होतो. बाकी वेळ रिमोट जागा राहण्यासाठी काही मायक्रोअँपिअर ओढतो, त्याचे पंचवीस-तीस धरावेत. बारीक अल्कलाइन सेलमध्ये साधारण १००० मिलिअँपिअर-तास असतात. म्हणजे कागदावर हा सेल सहा वर्षे पुरायला हवा. प्रत्यक्षात तो त्याआधीच बदलावा लागतो, कारण व्होल्टेज बरेच उतरले की कितीतरी रिमोट थांबतात, तेव्हा सेलमध्ये थोडी शक्ती उरलेली असते. ब्लूटूथवर आवाज ऐकणारे नवे रिमोटही यापेक्षा बरेच जास्त खातात. तरीही साध्या रिमोटसाठी अल्कलाइन पुरेसा आहे. लिथियमवर पैसे घालण्याचे कारण नाही आणि चार्ज होणारा सेल घेऊन वाचतेही थोडेच.

रिमोटचा खरा शत्रू मात्र वेगळा आहे. सेल संपत येताना आणि संपल्यावरही अल्कलाइनच्या आत जस्ताचा हळूहळू क्षय होऊन हायड्रोजन वायू तयार होत असतो. दाब वाढला की सुरक्षेसाठी ठेवलेली पातळ जागा फुटते आणि द्रावण पाझरते. बाहेर आलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पोटॅशियम कार्बोनेट बनते. स्प्रिंगवर दिसणारी पांढरी, भुरभुरीत पूड ती हीच. तिच्याखाली स्प्रिंग गंजलेली असते, कधी हिरवटही पडते. दोन वर्षे कोणी न उघडलेल्या एसीच्या रिमोटमध्ये हे दृश्य नेमके दिसते. तेव्हा हातमोजे घालून सेल काढावा. कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पूड पुसावी, किंचित फसफस होते. मग ओलसर काडीने पुन्हा पुसून जागा पूर्ण कोरडी करावी. स्प्रिंगचा धातू शाबूत असेल तर रिमोट बहुधा पुन्हा चालतो.

पाझरणे वाढण्याचे एक नेहमीचे कारण घरात सहज घडते: जोडीतला एकच सेल बदलणे. जुना सेल आधी रिकामा होतो, पण नवा सेल त्याच्यामधून प्रवाह ढकलतच राहतो. मग रिकाम्या सेलची ध्रुवता उलटते, वायू वेगाने बनतो आणि सेल फुटतो. म्हणून जोडी बदलायची ती पुरी बदलायची. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि एकाच वेळी उघडलेले असावेत.

टॉर्चचा हिशेब अगदी उलटा आहे. दोन जाड सेलवर चालणारा चांगला एलईडी टॉर्च पूर्ण उजेडात एक अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकतो. एवढ्या ओढीला अल्कलाइनची दमछाक होते. त्याचा आतला रोध सुमारे ०.२ ओहम असतो, म्हणजे एक अँपिअरला दीड व्होल्टांपैकी ०.२ व्होल्ट आतच संपतात आणि सेल रिकामा होत जाईल तसा हा रोध वाढतो. सावकाश वापरल्यास २५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत देणारा हा सेल इथे निम्म्याहूनही कमी देतो. टॉर्च तासाभरात मंद होतो.

चार्ज होणाऱ्या सेलचा रोध याच्या काही अंशच असतो. म्हणूनच १.२ हा आकडा पाहून तो कमजोर समजणे चुकीचे आहे. वापर चालू असताना अल्कलाइनचे व्होल्टेज दीडवरून ०.९ पर्यंत घसरत राहते, तर हा सेल १.२ च्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. १९०० मिलिअँपिअर-तासांचा सेल एक अँपिअरला पावणेदोन तासांच्या वर उजेड देतो. रोज गोठ्यात, शेतावर किंवा रात्रपाळीला टॉर्च लागणाऱ्याने हाच घ्यावा, त्याचे पैसे काही महिन्यांत वसूल होतात. एकच सावधगिरी: हा सेल अचानक संपतो. उजेड मंदावला की टॉर्च लगेच बंद करावा, पूर्ण पिळून काढू नये.

घेताना मात्र कमी स्वयंविसर्ग असलेला प्रकार पाहावा. तो २००५ मध्ये जपानमध्ये सान्योने बाजारात आणला. असा चार्ज केलेला सेल वर्षभर ठेवला तरी बराचसा चार्ज शिल्लक असतो. २७००-२८०० असे मोठे आकडे छापलेले जुन्या पद्धतीचे सेल काही आठवड्यांतच बरेच रिकामे होतात, म्हणून कपाटातल्या टॉर्चसाठी ते कुचकामी ठरतात.

कधीतरीच लागणाऱ्या, पण लागला तर पेटलाच पाहिजे अशा टॉर्चसाठी लिथियमला तोड नाही. वीस वर्षांपर्यंत साठवता येतो, पाझरण्याचा धोका फार कमी, वजन अल्कलाइनच्या सुमारे दोन-तृतीयांश, आणि एक अँपिअरच्या ओढीलाही ३००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास देतो. उणे ४० अंशांतही चालतो. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्याच्या हेडलॅम्पसाठी आणि गाडीच्या डिकीतल्या टॉर्चसाठी जास्तीची किंमत योग्यच आहे. नवा असताना तो काही वेळ १.८ व्होल्टपर्यंत दाखवतो, त्यामुळे जुन्या फिलामेंटच्या बल्बच्या टॉर्चमध्ये बल्ब लवकर जाऊ शकतो. ‘१४५००’ छापलेला सेल मात्र या मापाचा असूनही ३.७ व्होल्टचा असतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले नसेल तर तो घालू नये.

चार्जरमध्ये फक्त निकेल-मेटल हायड्राइड सेलच ठेवावेत. प्रत्येक सेल वेगळा तपासून आपोआप बंद होणारा चार्जर घ्यावा, जोडी-जोडीने चार्ज करणारा नको, कारण त्यात आधी भरलेला सेल तापत राहून खराब होतो. अल्कलाइन किंवा लिथियमचा एकदाच वापरायचा सेल चार्जरमध्ये घातला तर तो पाझरतो, फुटतो किंवा पेट घेतो.